नक्की झालेल्यांना कॅलेंडरची फाईल पाठवायची की व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुरे?

माधवी, ऐरोली
खाडीतल्या फ्लेमिंगो बोटफेरीसाठी चोवीस नावं नक्की झाली की आमचा गट प्रत्येकाला ईमेलवर .ics फाईल पाठवतो, म्हणजे ज्याने त्याने ती आपल्या कॅलेंडरात टाकावी. १८ जानेवारी २०२६ च्या फेरीची वेळ नंतर सकाळी ८ वरून १०.३० केली आणि नवी फाईल पाठवली. तरी तिघे आठला जेट्टीवर हजर! एकीच्या फोनमध्ये दोन्ही वेळा दिसत होत्या. मला वाटतं फाईल बंदच करावी. तुमचं काय मत?

निखिल, घणसोली
माधवीताई, फाईल बंद करू नका. आधी दोन्ही फायली नोटपॅडमध्ये उघडा आणि UID लिहिलेली ओळ शेजारी ठेवून बघा. माझा अंदाज आहे की त्या वेगवेगळ्या निघतील.

कॅलेंडर कार्यक्रम नावावरून किंवा तारखेवरून ओळखत नाही, UID वरून ओळखतं. UID बदलला की त्याच्या लेखी तो दुसराच कार्यक्रम असतो, मग शीर्षक अक्षर न् अक्षर तेच का असेना. म्हणून जुनी नोंद तशीच राहते आणि तिच्याखाली नवी येऊन बसते. UID तोच ठेवला आणि SEQUENCE एकाने वाढवला, तर "हा त्याच कार्यक्रमाचा पुढचा मसुदा" असा अर्थ होतो. तुमच्या फेरीसाठी मधल्या ओळी अशा हव्या होत्या:

```
UID:khadi-20260118@example.org
SEQUENCE:1
DTSTART:20260118T050000Z
DTEND:20260118T070000Z
```

पहिल्या फाईलमध्ये UID हाच, SEQUENCE शून्य आणि सुरुवात 023000Z असायला हवी होती. आणखी एक काळजी घ्या. प्रत्येक फाईल बनवताना नवा UID तयार करणारी साधनं बरीच आहेत. त्यामुळे बदल करताना नवी फाईल बनवू नका, जुनीच उघडून दुरुस्त करा.

श्रीधर, चेंदणी कोळीवाडा
पोरी, मुळात आठची वेळ धरलीच कशी? अठरा तारखेला अमावास्या होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरती काढतात. अमावास्येला पंधरा धरा, त्याची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. आठ वाजता खाडीत पाणी चढायला वेळ असतो, चिखलात बोट कुठे नेणार? वेळ आधीच नीट काढली असती तर बदलायची पाळीच आली नसती.

माधवी, ऐरोली
काका, तुमचं बरोबर आहे. आम्ही आधी पक्ष्यांच्या दृष्टीने सकाळ धरली आणि भरतीचा तक्ता नंतर पाहिला. पुढच्या वेळी उलट क्रमाने करू. पण वारा वाढला किंवा बोट बिघडली तरी वेळ बदलतेच, म्हणून प्रश्न उरतोच.

निखिल, तुझा अंदाज खरा निघाला. दोन्ही फायलींत UID वेगळा आहे. नोंदणीच्या फॉर्ममधून दर वेळी नवीनच फाईल निघते.

रोहन, वाशी
मी मात्र माधवीताईंच्या बाजूने. मागे एका नाटकाची तिकिटं घेतली. प्रयोग संध्याकाळी सहाचा, त्यांची फाईल कॅलेंडरात टाकली तर वेळ रात्री साडेअकराची! नशीब तिकिटावर पुन्हा नजर टाकली. ज्या फाईलमध्ये वेळच बरोबर येत नाही तिच्यावर काय विसंबायचं? साधा मेसेज कधी साडेपाच तास पुढे जात नाही.

निखिल, घणसोली
रोहन, तो आकडाच चूक सांगतोय. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की समजायचं, कोणीतरी आपली वेळ तशीच लिहून शेवटी Z लावला. Z म्हणजे जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यांनी 180000Z लिहिलं असणार, आणि कॅलेंडरने ते इमानाने आपल्या वेळेत फिरवून साडेअकरा दाखवलं. हवं होतं 123000Z.

Z न लावता नुसतं 180000 लिहिलं तरी ठाण्यात सहाच दिसतील. पण ती वेळ कुठल्याच जागेशी बांधलेली नसते, त्यामुळे दुबईतल्या फोनवरही सहाच दिसेल. तिकडून पाहणारा माणूस फसतो. मी Z लावून, वजाबाकी करूनच लिहितो. पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर फाईल उघडून वेळ वाचली, तर ही चूक लगेच सापडते.

अमृता, कोपरखैरणे
तुम्ही दोघंही उगीच अवघड करताय. फाईल पाठवूच नका, webcal:// ची लिंक द्या. लोक कॅलेंडरची वर्गणी घेतल्यासारखे ती जोडतात. मग तुम्ही तुमच्याकडे वेळ बदलली की सगळ्यांच्या फोनवर आपोआप बदलते. UID नको, पुन्हा पाठवणं नको.

निखिल, घणसोली
अमृता, लिंकचं म्हणणं अर्ध पटतं. UID मात्र तिथेही लागतोच, तोही स्थिर. खरी अडचण "आपोआप" या शब्दाची आहे. लिंक पुन्हा कधी वाचायची हे समोरच्याचं कॅलेंडर ठरवतं. गूगल कॅलेंडरमध्ये बदल दिसायला कित्येक तास लागू शकतात. शनिवारी रात्री नऊला वेळ बदलली तर रविवारी सकाळी आठच्या आत ती पोचेल, याची हमी मी देणार नाही. शिवाय लिंक पुढे पाठवली की यादीत नसलेल्यालाही जेट्टीची जागा आणि वेळ दिसते. वर्षभराच्या फेऱ्यांचं वेळापत्रक असेल तर लिंक उत्तम, चोवीस जणांच्या एका फेरीला नाही.

अमृता, कोपरखैरणे
फाईलची तरी हमी कुठे आहे? तूच म्हणतोस SEQUENCE वाढवला की बदलतं. पण फोनवरच्या गूगल कॅलेंडर अ‍ॅपमध्ये फाईल आयात करायचा पर्याय नाही, त्यासाठी संगणकावरचा ब्राउझर उघडावा लागतो. माझ्या सासूबाईंनी दुसरी फाईल उघडलीच नसती. त्यांच्याकडे आठच राहिले असते.

निखिल, घणसोली
ते खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फाईल उघडून टाकणं हे माणसाचं काम आहे. सगळी अ‍ॅप SEQUENCE सारख्याच नेटाने पाळतात असंही नाही. बदल खरोखर पोचवायचा असेल तर नुसती जोडलेली फाईल नको, निमंत्रण हवं. गटाच्या खात्यात कार्यक्रम तयार करून चोवीस जणांना पाहुणे म्हणून जोडायचं. त्या ईमेलमधल्या फाईलमध्ये METHOD:REQUEST असतं, म्हणून समोर हो-नाहीची बटणं येतात. नंतर वेळ बदलली की कॅलेंडर स्वतःच दुरुस्ती पाठवतं. पाहुण्यांची यादी लपवायचं मात्र विसरू नका, नाहीतर चोवीस जणांचे ईमेल पत्ते एकमेकांना दिसतील.

माधवी, ऐरोली
पत्ते उघडे पडणं मला नकोच. आमच्या यादीत दहावीतली मुलंही असतात. यादी लपवून पुढची फेरी निमंत्रणाने करून बघते. वेळ बदलली तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजही जाईल, त्यावर मी ठाम आहे.

एक राहिलं. त्या चोवीस जणांच्या कॅलेंडरात जुनी आठची नोंद अजून आहे. फेब्रुवारीतही फेरी आहे, तिच्याशी गोंधळ नको. ती इथून काढता येईल का?

निखिल, घणसोली
जुन्या फाईलचा UID जपून ठेवला असेल तर त्याच UID ने METHOD:CANCEL आणि STATUS:CANCELLED असलेली फाईल पाठवता येते, SEQUENCE वाढवून. पण ज्यांनी ती हाताने टाकली त्यांच्याकडे ती गुपचूप नाहीशी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. काही अ‍ॅप रद्द दाखवतील, काही दुर्लक्ष करतील. तिघांना फोन करून नोंद पुसायला सांगा, बाकीच्यांना मेसेज करा.

श्रीधर, चेंदणी कोळीवाडा
फेब्रुवारीची तारीख कळव. तिथी बघून भरती मी काढून देतो, मग तक्त्याशी ताडून बघ.