मदत हवी आहे: लिक्विफायने कुर्ता आत घेताना मागची चौकट वाकते

फोटोशॉपमध्ये एका उभ्या पोर्ट्रेटवर काम करतेय. कुर्ता कमरेपाशी दोन्ही बाजूंनी बराच सैल दिसतोय आणि डाव्या बाजूला अगदी लागून दाराची उभी चौकट आहे. लिक्विफायमध्ये Forward Warp ने कड आत ढकलली की चौकटही सोबत आत वाकते.

म्हणून चौकटीवर Freeze Mask लावून पाहिला. चौकट सरळ राहिली, पण मास्कच्या कडेला कुर्त्याचं कापड ताणून फरफटल्यासारखं दिसतंय. कारण कळलं: कड आत सरकली की मोकळ्या जागेत मागचे पिक्सेल यायला हवेत, आणि तेच मी गोठवलेत.

मग व्यक्ती वेगळ्या लेयरवर कापली, खालच्या लेयरवरून ती काढून जागा भरली आणि फक्त वरच्या लेयरवर मोठ्या ब्रशने, कमी प्रेशरवर लिक्विफाय केलं. हे खूपच बरं जमलं. अडचण आता भरलेल्या भागाची आहे. Content-Aware Fill चौकटीची रेष मध्येच तोडतं.

तिथे चौकटीचा वरचा अखंड तुकडा कॉपी करून खाली बसवावा, की क्लोन स्टॅम्पने रेष जुळवावी? चौकटीवर वरून खाली उजेड कमी होत जातो, त्यामुळे जोड दिसेल अशी भीती वाटते. कोणी असं केलं असेल तर नक्की सांगा.