मदत हवी आहे: पाचवीच्या वार्षिक परीक्षेची सूचना

चोपडेकर
मुलगा गावातल्या शाळेत पाचवीला आहे. काल त्याच्या वहीत सूचना चिकटवून आली. वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषय 50 गुणांचा, लेखी 40 आणि तोंडी-प्रात्यक्षिक 10. पास व्हायला 35 टक्के. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. आठवीपर्यंत कोणाला नापास करत नाहीत ना? सराव परीक्षेत त्याला गणितात 14 आणि इंग्रजीत 15 पडले, बाकी विषय ठीक आहेत. घरात सगळ्यांना घोर लागलाय.

तापीकाठ
घाबरू नका भाऊ, 10 गुण ग्रेस देतात. गणितात 8 असले तरी पोरगा निघून जाईल.

सातपुडा_मास्तर
तापीकाठ, 10 ही सगळ्या विषयांची मिळून मर्यादा आहे. एका विषयात 5 च्या वर मिळत नाहीत, त्यामुळे 8 वाला अडकेल.

चोपडेकर दादा, 2023 मध्ये नियम बदलला. तेव्हापासून पाचवी आणि आठवीला ही परीक्षा आहे, बाकी वर्गांना नाही. 50 पैकी 18 लागतात, आणि ते लेखी-तोंडी मिळून. तुमच्या मुलाला गणितात 4 आणि इंग्रजीत 3 कमी पडतात, म्हणजे एकूण 7. दोन्ही विषयांत 5 च्या आत, बेरीज 10 च्या आत, म्हणून तो पास होतो. पण गणितात 12 पडले तर तिथे 6 लागतील, आणि मग इंग्रजीत कितीही चांगले असले तरी पुनर्परीक्षा द्यावी लागेल. म्हणून गणिताच्या तोंडीकडे लक्ष द्या. पाढे, घड्याळ वाचणं, दुकानातला हिशोब तोंडी विचारत जा. लेखीत गडबडणारी पोरं इथे हमखास दोन-तीन गुण कमावतात. अभ्यास दुसऱ्या सत्राचाच करून घ्या, पेपर त्यावरच असतो.

बी_एस्सी_पालक
आमच्या मुलीच्या कॉलेजात 60-40 आहे. अंतर्गत 40 मध्ये वेगळं पास व्हावं लागतं का?

सातपुडा_मास्तर
ताई, ते विद्यापीठाचं आहे, वेगळा धागा काढा.

चोपडेकर
मास्तर, जीव भांड्यात पडला. पण समजा पुनर्परीक्षेतही राहिला, तर शाळेतून काढतील का?

सातपुडा_मास्तर
नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. पाचवीत पुन्हा बसेल एवढंच. शिवाय पुनर्परीक्षेआधी शाळेने त्याला जादा शिकवायचं असतं, ते मागून घ्या.

शहादा_पालक
आमच्या वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. पोरं वार्षिक परीक्षेच्या आत परततीलच असं नाही. लेखी-तोंडी दोन्ही बुडाल्यावर थेट पुनर्परीक्षा मिळते, की आधी नापासच धरतात?

सातपुडा_मास्तर
दादा, आमच्याकडे अशा पोरांना पुनर्परीक्षेला बसवलं होतं. पण सगळीकडे तसंच करतात असं मी छातीठोक सांगणार नाही. जाण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत परीक्षा देता येईल का, तेही त्यांनाच विचारा.

शहादा_पालक
अर्ज दिला होता. पोच मिळाली नाही. आणखी कोणाला अनुभव आहे का?