केरवा आणि दादरा कसे ओळखावेत?

«भजनाची लय वाढली की ठेका केरव्याचा आहे की दादऱ्याचा, हे मला ओळखता येत नाही.»

मात्रा मोजण्याआधी डग्ग्याकडे कान द्यावा, असे मी सुचवेन. केरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या दोन भागांत येतात: धा गे ना ति । न क धि ना. यात पहिल्या दोन मात्रांवर डग्गा घुमतो, ‘ति’पासून ‘क’पर्यंत त्याची आस थांबते आणि सातव्या मात्रेवरील ‘धि’वर ती परत येते, समेच्या अलीकडे उठणाऱ्या या घुमाऱ्यामुळेच केरवा पुढे ढकलल्यासारखा वाटतो. दादऱ्यात मात्र सहाच मात्रा आहेत: धा धिं ना । धा तिं ना. चौथ्या मात्रेवर काल असूनही तेथे बहुधा ‘धा’च वाजतो, त्यामुळे नवखा श्रोता त्यालाच सम समजतो. खरा फरक त्यापुढच्या मात्रेत आहे, कारण ‘धिं’च्या जागी ‘तिं’ येताच डग्गा गप्प होतो.

तरीही संभ्रम राहिला, तर सम आणि काल या दोनच ठिकाणी हात ठेवून मधल्या मात्रा बोटांवर मोजाव्यात. लय कितीही वाढली तरी दोन हातांमधील अंतर दादऱ्यात तीन मात्रांचे आणि केरव्यात चार मात्रांचेच राहते.