प्रतिसाद: शाळा निवडायच्या की थेट विद्यार्थी?

> तालुक्यातल्या पाचवीच्या ४०० मुलांचं वाचन तपासायचंय. १० शाळा काढून प्रत्येकी ४० मुलं घेतली तर चालेल ना?

आकडा ४०० दिसेल, पण माहिती तेवढ्या मुलांची मिळणार नाही. एका शाळेतली मुलं एकाच शिक्षकांकडे, एकाच वस्तीत वाढतात, त्यामुळे त्यांचं वाचन एकमेकांसारखं असतं. हे साम्य ρ या आकड्याने मोजतात. ते ०.२ धरू. प्रत्येक शाळेतून m मुलं घेतली, तर नमुना किती पट कमकुवत होतो ते असं:

```
1 + (m - 1) × ρ
```

४० मुलांना हे ८.८ येतं. म्हणजे तुमची ४०० मुलं तालुकाभरातून थेट चिठ्ठ्या टाकून काढलेल्या साधारण ४५ मुलांइतकीच! तेच ४० शाळांतून १०-१० घेतली, तर २.८ येतं आणि ती सुमारे १४३ मुलांच्या तोडीची ठरतात. म्हणून शाळा वाढवा, शाळेमागची मुलं कमी करा.

थेट मुलं निवडणं सर्वांत अचूक, पण त्यासाठी तालुक्यातल्या प्रत्येक मुलाची यादी हवी आणि एकेका मुलासाठी गावोगाव फिरावं लागेल. शाळांची यादी मात्र यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवर मिळते.

शाळेत गेल्यावर मुलं शिक्षकांना निवडू देऊ नका, हुशार मुलंच पुढे येतात. हजेरीपटावर ४० नावं असतील आणि १० मुलं हवी असतील, तर दर चौथं मूल घ्यायचं, म्हणून १ ते ४ मधली एक चिठ्ठी काढा. ३ आला, तर ३, ७, ११ असं ३९ पर्यंत. त्यातलं कुणी गैरहजर असेल तर शेजारचं मूल घेऊ नका, पुन्हा जा. वारंवार गैरहजर राहणारी मुलंच बहुधा वाचनात मागे असतात.