शब्दचर्चा: ‘होल्ड’, ‘क्वेरी’ आणि ‘हरकत’ – अडवलेल्या बिलासाठी नेमके शब्द कोणते?

सुवर्णा
आमच्या कारखान्यात स्टोअर्स, खरेदी आणि अकाउंट्ससाठी एक मराठी टिपण करते आहे. बिल ओरॅकलमध्ये घालून व्हॅलिडेट केलं की कधी कधी होल्ड पडतो. PRICE म्हणजे बिलातला दर पीओपेक्षा, म्हणजे खरेदी ऑर्डरपेक्षा, जास्त. QTY REC म्हणजे जीआरएनला, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीत, आला त्यापेक्षा जास्त माल बिलात. मी ‘होल्ड’ला ‘स्थगित’, ‘क्वेरी’ला ‘शंका’ आणि ‘रिझॉल्व्ह्ड’ला ‘निराकरण’ लिहिलं होतं. स्टोअर्सचे दादा म्हणाले, स्थगित म्हणजे बिल रद्द झालं ना? सुचवाल का?

खतावणी
‘स्थगित’ नकोच. बिल खात्यात चढलेलं असतं, देणं मान्य असतं, फक्त पेमेंट थांबलेलं असतं. आम्ही ‘अडवलेलं बिल’ म्हणतो. आणि कृपा करून ‘अडकलेलं’ लिहू नका. अडकलेल्या बिलाला कर्ता नसतो, अडवलेल्याला असतो. कोणी अडवलं, कशासाठी आणि कोणी सोडायचं, हे तिन्ही प्रश्न त्या एका क्रियापदात येतात. होल्ड कोड मात्र पडद्यावर दिसतो तसाच ठेवा. PRICE चं भाषांतर केलंत तर माणूस पडद्यावर तो शोधणार कसा?

निवृत्त_कोषागार
आमच्याकडे ‘आक्षेप’ हा रूढ शब्द होता. देयकात त्रुटी असली की आक्षेप नोंदवून ते परत जायचं आणि पूर्तता करून पुन्हा यायचं. ‘आक्षेपित देयक’ का नाही चालणार?

खतावणी
काका, शब्द भारदस्त आहे, पण प्रक्रिया वेगळी आहे. तुमच्याकडे देयक परत जायचं, त्यामुळे ज्याचं त्याला आपोआप कळायचं. कंपनीत बिल आमच्याच सिस्टिममध्ये बसून राहतं आणि पुरवठादाराला ओरॅकल काही कळवत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. कोणीतरी मेल टाकेपर्यंत त्याच्या लेखी सगळं सुरळीत असतं.

भोसरीचा_वर्कशॉपवाला
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एका मोठ्या कंपनीला बुश पुरवतो. फोन केला की ‘तुमचं बिल होल्डवर आहे’. का, विचारलं की ‘सिस्टिमने टाकलंय’. महिना असाच जातो, आणि मग कळतं की माल कमी भरला म्हणून. अहो, पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर त्याच दिवशी क्रेडिट नोट दिली असती!

प्रशांत
बँकेने खात्यावर होल्ड लावला असेल तर शाखेत अर्ज द्यावा लागतो, दादा. माझ्या खात्यातले पैसे असेच अडकले होते.

सुवर्णा
प्रशांत, हा होल्ड बँकेचा नाही, बिलावरचा आहे. वर्कशॉपवाले दादा म्हणतात तसंच एक बिल सध्या माझ्यासमोर आहे. पीओ ५०० नगांची, दर ८० रुपये. बिल ५०० नगांचं, दर ८४ रुपये, म्हणजे ४२,००० अधिक १८ टक्के जीएसटी. जीआरएन ४८० नगांचा. दोन्ही होल्ड पडलेत. शोधल्यावर कळलं की खरेदीने दरवाढ मेलवर मान्य केली होती, पीओ मात्र सुधारायची राहिली. ही एकच क्वेरी धरू की दोन?

खतावणी
दोन. आणि तुमच्या शब्दांचं उत्तरही इथेच आहे. PRICE हा आपल्या घरातला प्रश्न. पुरवठादाराची काही चूक नाही, खरेदीने पीओ ८४ ला सुधारून बिल पुन्हा व्हॅलिडेट केलं की होल्ड सुटतो. याला ‘शंका’ म्हणा. २० नग कमी हा त्याच्याकडचा प्रश्न, पण ते खरंच कमी आले की स्टोअर्सने मोजायला चुकवलं, हे आधी ठरवायचं. तोवर तीही शंकाच. खात्री झाली की पुरवठादाराला लेखी कळवायचं, आणि त्या क्षणी तिची ‘हरकत’ होते.
दर ८४ ठरल्यावर २० नगांची क्रेडिट नोट १,६८० अधिक जीएसटी ३०२.४०, म्हणजे १,९८२.४० रुपयांची. ती पीओला जुळवून घातली की बिलातली संख्या ४८० वर येते आणि QTY REC सुटतो. द्यायचे ४७,५७७.६०. क्रेडिट नोट ८० च्या दराने मागवू नका. बिल ८४ चं आहे.

ऋतुजा_सीए_आर्टिकल
पण होल्ड असेपर्यंत एमएसएमई पुरवठादाराचे पैसे द्यायचे ४५ दिवस थांबतात ना? बिलाच्या तारखेपासून मोजायचे आणि होल्डचे दिवस वजा करायचे, असं आमच्या ऑफिसात करतात.

खतावणी
४५ बरोबर, बाकी नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ चा कायदा लागू होतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि मोजणी माल स्वीकारल्यापासून, बिलापासून नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. घेतली, तर पुरवठादाराने ती दूर केल्याचा दिवस. कायद्याला आपला होल्ड दिसतच नाही.
समजा माल ३ जूनला आला आणि करार ४५ दिवसांचा आहे. ८ जूनला लेखी हरकत गेली आणि २४ जूनला ती दूर झाली, तर मुदत ८ ऑगस्ट. हरकत १० जुलैला गेली, तर मुदत १८ जुलैच, मग होल्ड सुटलेला असो वा नसो. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

भोसरीचा_वर्कशॉपवाला
म्हणजे मला मेल कधी आला त्याला एवढं महत्त्व! तो मेल मी जपून ठेवायला हवा.

सुवर्णा
मग नोंदवहीत दोन तारखा लागतील, ‘शंका निघाली’ आणि ‘हरकत कळवली’. ‘निराकरण’ कधी लिहायचं? क्रेडिट नोट आली की?

खतावणी
क्रेडिट नोट आली म्हणजे ‘हरकत दूर’. दोन्ही होल्ड सुटून बिल पेमेंट रनला पात्र झालं की ‘निकाली’. मधल्या काळात बरीच बिलं हरवतात. कागद आलेला असतो, पण पुन्हा व्हॅलिडेट कोणी केलेलं नसतं. कोणी हाताने होल्ड टाकला असेल तर तो आपोआप सुटतही नाही. म्हणून ‘निकाली’ लिहिण्याआधी बिलाचा होल्डचा टॅब उघडून बघा.
अजून एक. प्रश्न खरेदीकडून स्टोअर्सकडे गेला की काही जण जुनी नोंद बंद करून नवी उघडतात. मग ४० दिवसांची शंका ३ दिवसांची दिसते. नोंद तीच ठेवा, फक्त ‘सध्या कोणाकडे’ हा रकाना बदला. त्यात विभाग नको, माणसाचं नाव हवं.

निवृत्त_कोषागार
‘हरकत’ पटली. पण एक विचारतो. कायद्यातली हरकत माल स्वीकारण्याबद्दल आहे. माल नीट आला आणि वाद फक्त दराचा असेल, तर ती त्या अर्थाने हरकत ठरते का?

ऋतुजा_सीए_आर्टिकल
आमचे सर म्हणतात ठरते. माल त्या दराने स्वीकारलाच नाही, असा त्यांचा मुद्दा.

खतावणी
मी त्यावर विसंबणार नाही. निव्वळ दराचा वाद असेल तर पीओच्या दराने होणारी रक्कम मुदतीत देतो आणि फरकापुरतंच अडवून ठेवतो. सरांकडे एखादा निवाडा असेल तर इथे जरूर टाका, मलाही हवा आहे.

सुवर्णा
टिपणात मग असं घेते: अडवलेलं बिल, शंका, हरकत, हरकत दूर, निकाली. कोड पडद्यावरचे तसेच. दराच्या वादापुढे प्रश्नचिन्ह ठेवून आमच्या सीएंना पाठवते.