भेटीनंतरचं पत्र

>> वर्कशॉपच्या मालकांशी पहिली भेट झाली. आता अर्धवेळ सल्लागारीसाठी पत्र लिहायचंय, बायोडेटा जोडू का?

नको. पस्तीस वर्षांचा अनुभव त्यांनी भेटीतच ऐकलाय (माझ्या मालकांनी तर दोनदा ऐकला!). त्यांची अडचण जिथे होती तिथून सुरुवात करा. मी लिहिलं होतं:

"बोअर दुपारपर्यंत लहान होत जातो म्हणालात. इन्सर्ट बदलल्यावर माप जाग्यावर येतं का, ते आधी पाहू. आलं तर झीज, नाहीतर मशीन तापण्याकडे बघू. मंगळवार-शुक्रवार सकाळी येईन, तीन महिने. पगार नको, दर भेटीची फी ठरवू. ड्रॉइंगवर सही मात्र तुमच्याच इंजिनिअरची."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर तिथला सुपरवायझर पहिल्या दिवसापासून तुम्हाला नवा साहेब समजतो आणि मापं लपवतो.