बारा तासांची ड्युटी, पावतीवरचं 'ओटी ४' आणि न मिळणारी सुट्टी : हिशेब नक्की कसा?

खजिनदार_बाणेर : आमच्या सोसायटीच्या गेटवर दोन गार्ड आहेत, सकाळी ७ ते संध्याकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ७. यंदा एजन्सीकडून पगारपावत्या मागवून घेतल्या. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० (आकडा सोयीसाठी गोल केलाय), हजेरी ३०, 'ओटी ४', त्याचे २,०००, एकूण १५,०००. आठ तासांवरचे रोजचे चार तास ओव्हरटाइम म्हणजेच हे 'ओटी ४' असं मी समजतोय. बरोबर आहे ना? एका सभासदाचा आक्षेप आहे की आपण कायदा मोडतोय.

मस्टर_ते_पावती : सभासदाचं बरोबर आहे. हे चार तास नव्हेत, चार दिवस आहेत. १३,००० भागिले २६ म्हणजे एका दिवसाचे ५००, आणि ५०० गुणिले ४ म्हणजे २,०००. गार्डने चार सुट्ट्यांच्या दिवशी काम केलं, त्याचे साधे एकपट पैसे दिले आणि रकान्याला नाव दिलं ओटी. रोजच्या जादा चार तासांचा या पावतीत एक रुपयाही नाही.

हिशेब असा धरा. दिवसाचे ५००, आठ तासांनी भागले की तासाला ६२.५०. ओव्हरटाइम कायद्याने दुपटीने द्यायचा, म्हणजे १२५. सव्वीस दिवस रोज चार तास म्हणजे १०४ तास, त्याचे १३,०००. सुट्टीच्या चार दिवसांचे बाराच्या बारा तास जादा, म्हणजे ४८ तास, त्याचे ६,०००. मूळ १३,००० मिळवले की ३२,०००. हातात पडतात १५,०००.

त्यातली मधली रक्कम पुन्हा एकदा बघा. महिनाभराच्या नियमित बारा तासांच्या ड्युटीचा ओव्हरटाइम मूळ पगाराएवढाच भरतो. चार तास दुपटीने म्हणजे आठ तासांचे पैसे, त्यामुळे पगार कितीही असला तरी हे असंच येणार. बारा तासांची एक ड्युटी म्हणजे दोन दिवसांचा पगार. पावती तपासायला एवढं पुरतं.

नियमावर_बोट : थोडं थांबा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाचे ९ तास होते, ८ नव्हे. म्हणजे जादा तास तीनच. शिवाय जेवणाची सुट्टी वजा करा. २६ गुणिले ३ म्हणजे ७८ तास, त्यातून रोजचा अर्धा तास काढला की ६५. तुम्ही १०४ कुठून आणले?

मस्टर_ते_पावती : नऊ तास बरोबर, पण त्याच वाक्यात पुढे 'किंवा आठवड्याला ४८ तास' आहे, ते तुम्ही वगळलंत. सहा दिवस बारा तास म्हणजे ७२. त्यातून ४८ गेले, राहिले २४. दिवसावर मोजलं तर १८ येतात, आठवड्यावर मोजलं तर २४. दोन्हींची बेरीज करायची नाही, जो आकडा मोठा तो घ्यायचा. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर कामगाराला जे फायद्याचं ते धरा, असं स्पष्टच लिहिलंय आणि दिवसही आठ तासांचा आहे. म्हणून ८ की ९ हा वाद सहा दिवसांच्या बारातासी ड्युटीत निकाली निघतो. कोणी आठवड्यात तीन-चारच दिवस बारा तास करत असेल तर मात्र तो फरक खरा.

जेवणाच्या सुट्टीबद्दल तुमचा मुद्दा अर्धा मान्य. अर्धा तास वजा करायचा तर त्या वेळेला गेटवर दुसरा माणूस उभा हवा. डबा केबिनमध्ये उघडायचा, एक डोळा बूम बॅरियरवर आणि इंटरकॉम वाजला की घास टाकून उठायचं, याला विश्रांती म्हणत नाहीत. एका पाळीत एकच गार्ड असलेल्या गेटवर अर्धा तास कापलेला दिसला की तो कागदावरचाच समजा. खरोखर बदली मिळत असेल तर महिन्याचे १०४ ऐवजी ९१ तास, म्हणजे ११,३७५.

साइट_सांभाळणारा : हे सगळं टेबलावर बसून छान वाटतं. मी एजन्सीच्या बाजूने बोलतो. सोसायट्या कोटेशन मागतात ते 'एका पॉइंटला बारा तास, महिन्याला किती?' असं. दुपटीने ओटी लावून दर दिला की फाइल बाजूला पडते आणि काम स्वस्तवाल्याला जातं. आणि गार्डला विचारा, त्याला आठ तास नको असतात. तेरा हजारात पुण्यात खोलीचं भाडं देऊन गावी काय पाठवणार? आठ तासांची ड्युटी दिली तर तो उरलेल्या वेळात शेजारच्या साइटवर दुसरी ड्युटी करतो आणि रात्री आमच्या गेटवर झोपतो.

मस्टर_ते_पावती : गार्डला बारा तास हवे असतात ते पैशांसाठी. त्याच तासांचे पैसे कापून 'त्यालाच हवंय' म्हणणं जरा जास्तच होतं. पण दराचा मुद्दा घेऊ, कारण तिथे बहुतेक कमिट्यांचा अंदाज चुकतो.

एका गेटला चोवीस तास, तीस दिवस. आठ तासांच्या पाळ्या केल्या तर ९० ड्युट्या, प्रत्येकी ५००, एकूण ४५,०००. बारा तासांच्या केल्या तर ६० ड्युट्या, पण प्रत्येक ड्युटी ५०० अधिक चार तासांचे ५०० म्हणजे १,०००, एकूण ६०,०००. ओव्हरटाइमवर पीएफ नाही, ईएसआय मात्र आहे. मालकाचा हिस्सा अनुक्रमे १३ टक्के आणि ३.२५ टक्के धरला तरी बारा तासांची व्यवस्था साडेतेरा हजारांनी महागच पडते. कायद्याने पैसे द्यायचे असतील तर बारा तासांची पाळी ही सर्वांत महाग पाळी आहे. ती स्वस्त भासते कारण ओटी दिलाच जात नाही.

साइट_सांभाळणारा : आणि आज ही सोसायटी गार्डच्या पगारापोटी देते ३०,०००. तुमचा 'स्वस्त' पर्यायही दीडपट झाला. कमिटी मंजूर करेल? शिवाय तीन पाळ्यांत रात्री ११ ला बदली. कात्रजहून बाणेरला येणाऱ्याला त्या वेळी बस कुठली?

खजिनदार_बाणेर : दीडपट म्हटल्यावर सभा गाजणार हे नक्की. बदलीची वेळ ६, २, १० अशी ठेवता येईल बहुधा. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. एजन्सी म्हणते की दोन्ही गार्डना सुट्टी मिळते, दर रविवारी पाळी बदलते तेव्हा. हजेरीत तर ३० आहे.

मस्टर_ते_पावती : रविवारच्या बदलीत काय होतं ते लिहून काढा. दिवसपाळीचा गार्ड रविवारी सकाळी ७ ला येतो आणि थेट सोमवारी सकाळी ७ पर्यंत थांबतो, सलग चोवीस तास. रातपाळीचा रविवारी सकाळी सुटतो आणि सोमवारी सकाळी दिवसपाळीला येतो. त्याचे मधले चोवीस तास म्हणजे 'सुट्टी'. पुढच्या रविवारी उलट. म्हणजे प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा चोवीस तास मोकळे, आणि त्याची किंमत म्हणून दुसऱ्या रविवारी चोवीस तास उभं राहायचं.

आता ड्युट्या मोजा. चौदा दिवसांत २८ ड्युट्या, माणसं दोन, प्रत्येकी १४. चौदा दिवसांत चौदा ड्युट्या करणाऱ्याला सुट्टी मिळाली कुठे? ज्या साइटच्या मस्टरवर तिसरं नाव, म्हणजे रिलीव्हरचं, दिसत नाही, तिथे साप्ताहिक सुट्टी नाही. यासाठी कायदा उघडायचीही गरज नाही. साठ ड्युट्या भागिले २६ केलं की सव्वादोनच्या वर माणसं लागतात, दोनांत ते बसतच नाही.

पैशाने सुट्टी विकतही घेता येत नाही. दुपटीने दिले म्हणजे झालं असं नव्हे, बदली सुट्टी द्यावीच लागते. केंद्राच्या जुन्या किमान वेतन नियमांत तर पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम नको, अशी अट होती. तेच नियम रातपाळीबद्दल सांगत होते की सुट्टी पाळी संपल्यापासून चोवीस तास मोजायची आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. शनिवारी रात्री ७ ला चढलेल्या गार्डचं रविवारी सकाळी ७ पर्यंतचं काम शनिवारचं. मस्टरवर रविवारी 'सुट्टी' लिहून त्याला त्याच रात्री ७ ला परत बोलावलं तर ती बाराच तासांची सुट्टी झाली. मस्टर तारखेने भरतात, म्हणून ही चूक कोणाच्या नजरेला येत नाही. गेटच्या रजिस्टरमधली आत-बाहेरची वेळ शेजारी ठेवली की लगेच दिसते.

नियमावर_बोट : आठवड्याच्या ४८ चं मान्य. पण मग पैसे देऊनही हे बसत नाही. २०१७ च्या कायद्यात ओव्हरटाइमला तिमाहीत १२५ तासांची कमाल मर्यादा होती. ती वाढवून १४४ केली तरी महिन्याला १०४ म्हणजे तिमाहीत ३१२ होतात.

मस्टर_ते_पावती : हो, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. नियमित बारा तास कायदेशीर होत नाहीत, दुपटीने दिले तरी.

स्टेपनी : मी ड्रायव्हर आहे. ट्रॅव्हल्सची गाडी कंपनीला लावलेली आहे. सकाळी ८ ला घेतो, रात्री ८ ला सोडतो, मधले चार-पाच तास पार्किंगमध्ये. मालक म्हणतो गाडी चालली तेवढेच तास, बाकी आराम. मग मला पण १३,००० चे २६,००० मिळायला हवेत का?

नियमावर_बोट : मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात थांब्यावरची नुसती हजेरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच कामात धरली होती. चार तास पार्किंगमध्ये असाल तर अवघड आहे.

मस्टर_ते_पावती : त्याच व्याख्येची सुरुवात 'मालकाच्या किंवा सेवा मागू शकणाऱ्या व्यक्तीच्या हाताखाली असलेला वेळ' अशी आहे. पंधरा मिनिटांची गोष्ट थांब्यावरच्या, म्हणजे टर्मिनलवरच्या हजेरीची. कंपनीच्या पार्किंगला टर्मिनल म्हणायचं का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. स्टेपनी, तुमच्यासाठी कळीचा प्रश्न असा की त्या चार तासांत फोन आला तर किती मिनिटांत गाडी दारात लागते? किल्ली कोणाकडे असते? गाडी सोडून घरी जाता येतं का? किल्ली खिशात आणि पाच मिनिटांत हजर, असं असेल तर तो आराम नव्हे. 'दुपारी १ ते ५ मोकळे, ५ ला या' असं लेखी असेल तर ते तास सुटतील, पण तेव्हाही सकाळपासून रात्रीपर्यंतचा एकूण पसारा बारा तासांच्या आत हवा. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय, तरी दुपटीचा नियम कायम आहे. रोजची ड्युटी स्लिप, सुरुवात-शेवटची वेळ आणि किलोमीटरसकट, फोटो काढून ठेवा. वेतनसंहितेत दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण वेळा सिद्ध करायला कागद तुमच्याकडे हवा.

स्टेपनी : स्लिपवर मालक फक्त किलोमीटर लिहितो. वेळेचा रकाना रिकामा.

साइट_सांभाळणारा : जीपीएसचा ट्रॅक मालकाकडे असतोच, इग्निशन चालू-बंद सगळं त्यात येतं. पार्किंगमधला वेळही दिसेल, फक्त तो आराम होता की हजेरी हे त्यात दिसत नाही. खजिनदार साहेब, तुम्ही तीन पाळ्यांचं कोटेशन मागवणार असाल तर 'प्रति पॉइंट' नका मागू. ड्युट्यांची संख्या, एका ड्युटीचा दर, पीएफ, ईएसआय, रिलीव्हर आणि आमचं सेवाशुल्क, सगळं वेगळं लिहून मागा. तसं मागितलंत तर माझ्यासारख्यालाही खरा दर देता येतो.

खजिनदार_बाणेर : तसंच मागवतो. तोपर्यंत सध्याच्या दोघांचे गेल्या वर्षभराचे ओटीचे पैसे द्यायचे कोणी, एजन्सीने की सोसायटीने? हा प्रश्न कमिटीत पहिल्या पाच मिनिटांत येणार आहे.

साइट_सांभाळणारा : करारात जो दर ठरला तो सोसायटीने ठरवला.

मस्टर_ते_पावती : पगार देण्याची पहिली जबाबदारी कंत्राटदाराची, त्याने नाही दिला तर मुख्य मालकावर येते. सोसायटीला त्या अर्थाने मुख्य मालक धरायचं का, हे कंत्राट आणि माणसांची संख्या बघून वकिलाकडून लेखी घ्या. इथल्या कोणाच्या, माझ्याही, मतावर ती रक्कम ठरवू नका.